सुमनने सही का केली?

"ताई, माझ्या कादंबरीतली सुमन सदाशिव पेठेतल्या वाड्यातला आपला हिस्सा हक्कसोडपत्रावर सही करून धाकट्या भावाला देऊन टाकते. आमच्या कोथरूडच्या वाचन गटात या प्रकरणावरून सगळे भडकले. 'इतकी शिकलेली बाई असा मूर्खपणा करेल का?' म्हणाले. मला तर तो मूर्खपणाच दाखवायचा होता. मग ही माझ्या लिखाणातली चूक, की वाचकांनी चिडावं हेच बरोबर? प्रकरणं सोबत पाठवली आहेत."

तुमची अकराही प्रकरणं मी दोनदा वाचली. सुमनने सही करणं ही चूक नाही. ती सही तुम्ही ज्या रीतीने करवून घेतली आहे, ती चूक आहे. त्यामुळे गटातल्या लोकांचा निम्मा राग सुमनवर आहे आणि निम्मा तुमच्यावर. हे दोन राग वेगळे करता आले, तर काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते आपोआप कळेल.

पुण्यात कथा-कादंबऱ्यांचं संपादन करत मला अठ्ठावीस वर्षं झाली. पात्राच्या मूर्खपणावर वाचक चिडले, ही तक्रार दर दिवाळी अंकाच्या हंगामात एकदा तरी येते. अशा वेळी मी लेखकाला विचारते, वाचक नेमकं काय म्हणाले? शब्द सांगा. "अगं बाई, नको ना करूस सही!" हा एक राग आहे. त्यात वाचक सुमनशी बोलतोय, तिचा हात धरायला बघतोय. हा राग तुम्ही कमावलेला आहे, तो घालवू नका. "असं कुणी करतं का?" हा दुसरा. इथे वाचक सुमनशी बोलायचा थांबलेला असतो. त्याला पानावर बाई दिसत नाही, टेबलाशी बसून कथानक पुढे ढकलणारी लेखिका दिसते. तुमच्या गटाचं जे वाक्य तुम्ही लिहून पाठवलं आहे, ते या दुसऱ्या जातीचं आहे.

आता सातवं प्रकरण उघडा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातला प्रसंग. टोकन घेऊन बसलेली माणसं, बाकाच्या टोकाशी पेंगणारा म्हातारा, भावाच्या हातातली प्लास्टिकची फाइल, हे सगळं तुम्ही उत्तम पाहिलं आहे. मग येतं ते वाक्य: "का कुणास ठाऊक, पण सुमनने कागद न वाचताच सही केली." मी तिथे पेन्सिलने गोल केला आहे. "का कुणास ठाऊक", "तिच्याही नकळत", "कसल्याशा अनामिक ओढीने", हे शब्द निर्णयाच्या वाक्यात आले की मी थांबतेच. पात्राला कारण माहीत नसेल, ते चालतं. माणसांना स्वतःची कारणं पुष्कळदा माहीत नसतात. पण इथे लेखिकेलाही कारण माहीत नाही, आणि ते झाकायला हे शब्द आलेत. दहाव्या प्रकरणात सुमनच्या हातात काही उरलेलं नको होतं, म्हणून सातव्यात तिने सही करायला हवी होती. गरज तुमची होती, तिची नव्हती. वाचकाला तुमचा आराखडा दिसत नसला तरी हे बरोबर जाणवतं.

त्याहून मोठी अडचण "न वाचताच" या शब्दांत आहे. ही सुमन कोण आहे? बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात लिपिक. तिसऱ्या प्रकरणात एका मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अक्षरात एक आणि आकड्यात दुसरी पडलेली असते. मुख्याध्यापकांची सही होऊन गेलेली असते, पालक दारात ताटकळत असतात, तरी ती जनरल रजिस्टर काढून ताडून बघते आणि दाखला नव्याने लिहिते. तुमच्या कादंबरीतलं मला सगळ्यात आवडलेलं पान ते. त्या पानावर तुम्ही वाचकाला सांगितलंत की ही बाई कागद वाचते, कितीही घाई असली तरी वाचते. मग चार प्रकरणांनंतर, आयुष्यातला सगळ्यात महागडा कागद समोर असताना, तिचं हेच कसब त्या एका दिवसापुरतं गायब होतं. वाचकाला तिचा मूर्खपणा सहन होतो, पण तिची ओळखच पुसली गेलेली सहन होत नाही. "शिकलेली बाई" असं तुमच्या गटात कुणी म्हणालं, त्याचा अर्थ हाच. शिकलेल्या बायका हक्कसोडपत्रावर सह्या करतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. कित्येकांच्या घरात झालेलं असणार. पण सुमन न वाचता सही करणार नाही, हे तुम्हीच त्यांना शिकवलं होतं.

मग तिला वाचू द्या. माझी पहिली आणि सगळ्यात आग्रहाची सूचना हीच. भाऊ घाई करतोय, टोकन पुकारलं जाणार आहे, आणि ती पहिल्या पानापासून दस्त वाचते. चतुःसीमा वाचते. "कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने" ही ओळ वाचते. तिसऱ्या पानावर वडिलांच्या नावात "दत्तात्रेय"चं "दत्तात्रय" झालेलं तिला दिसतं. ती ते पान बदलून आणायला लावते. वकिलांचा कारकून कुरकुरत खाली झेरॉक्सच्या दुकानात जातो, टोकन हुकतं, पुढचं घ्यावं लागतं. अर्धा तास जातो. सगळा अर्धा तास सुमन तिथे बसलेली आहे. उठून जाऊ शकते, जात नाही. पान येतं, ती नाव पुन्हा तपासते, आणि मग सही करते, कॅमेऱ्याकडे बघते, यंत्रावर अंगठा ठेवते.

निर्णय तोच आहे, शब्दाचाही फरक नाही. वाचक आता आधीपेक्षा जास्त चिडेल. पण "असं कुणी करतं का" म्हणायची सोय त्याला उरणार नाही, कारण तिने डोळे उघडे ठेवून, बापाचं नाव दुरुस्त करून, बापाच्या वाड्यावरचा हक्क सोडलेला त्याने बघितला आहे. आता राग सुमनवर. तुम्हाला हवा होता तो.

पण एवढ्याने भागत नाही. कारण ती उठून का गेली नाही, याचं उत्तर वाचकाकडे असायला हवं, आणि ते त्याच्याकडे सहीच्या आधी पोचलेलं असायला हवं. तुमच्या कादंबरीत ते उत्तर आहे. तुम्ही ते नवव्या प्रकरणात ठेवलं आहे. आई भावाकडे राहते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, वहिनीने एकदा सहज म्हणावं तसं म्हटलेलं असतं, "वाटण्याच करायच्या तर मग सगळ्याच करू, आईंच्याही." हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. पण नवव्यात ते आठवण म्हणून येतं, आणि तोवर सही होऊन दोन प्रकरणं झालेली असतात. निर्णयानंतर आलेलं कारण वाचकाला सारवासारव वाटतं. लेखिकेला मागाहून सुचलं असणार, असंच तो धरून चालतो, मग ते तुमच्या मनात पहिल्या दिवसापासून का असेना. तेच वाक्य चौथ्या प्रकरणात, संक्रांतीला सुमन तिळगूळ घेऊन जाते तिथे, वहिनीच्या तोंडी घाला. त्यावर कुणीही काही बोलू नये. सुमनने वाटी धुऊन ओट्यावर पालथी घालावी आणि प्रसंग तिथेच सोडावा. वाचक ते वाक्य जवळ बाळगून सातव्या प्रकरणात येईल. टोकन हुकलेल्या त्या अर्ध्या तासात सुमन काय विचार करत असेल हे तुम्हाला एका ओळीनेही सांगावं लागणार नाही.

दुसरी एक वाट उघडी राहिली आहे, ती बंद करा. दुसऱ्या प्रकरणात सुमनची वर्गमैत्रीण येते, ती वकील आहे. सातव्यात ती कुठेच नाही, आणि अकराव्यात गरज पडल्यावर पुन्हा हजर. "मैत्रिणीला एक फोन का नाही केला?" हा प्रश्न प्रत्येक वाचकाच्या मनात येणार. माणसाच्या मनात जो साधा उपाय येतो तो तुम्ही पानावर आणला नाहीत, की वाचकाला वाटतं लेखिकेच्या लक्षातच आलं नाही. किंवा त्याहून वाईट, लक्षात आलं म्हणून लपवला. तेव्हा तो फोन होऊ द्या. मैत्रीण स्पष्ट सांगेल: "आई, तू आणि तो, तिघांचा सारखा हिस्सा आहे. मोबदल्यात काही मागितल्याशिवाय सोडू नकोस. निदान आईच्या सांभाळाचं लिहून घे." हा सल्ला चांगलाच असला पाहिजे, कच्चा नको. सुमनने त्यावर काय म्हणावं? "लिहून घेतलं तर तो आईला सांभाळेल, पण मला दारात उभं करणार नाही." भाऊबीज, माहेरपण, आईच्या हातचा चहा, यांचा भाव तिने मनात लावलेला आहे, आणि तो वाड्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त निघालाय. हिशोब चुकीचा असेल. वाचकाला तो चुकीचाच वाटला पाहिजे. पण तिने हिशोब केला होता, एवढं त्याला दिसलं पाहिजे.

चुकीचा हिशोब आणि हिशोबच नसणं, यांतला फरक सगळ्यात उत्तम कुठे पाहायचा, तर महाभारताच्या सभापर्वात. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचं सभापर्व मी याच कामासाठी हाताशी ठेवते. युधिष्ठिर द्यूतात सगळं हरतो, भावांना हरतो, स्वतःला हरतो, द्रौपदीला पणाला लावतो. धृतराष्ट्र वर देतो, सगळं परत मिळतं. पांडव निघतात, आणि वाटेतून पुन्हा बोलावणं येतं. युधिष्ठिर पुन्हा जातो. हजारो वर्षं श्रोते इथे कपाळावर हात मारत आले आहेत. तरीही हा कथेचा दोष आहे असं कुणाला वाटत नाही. का?

एक तर त्याला माहीत आहे. अनुद्यूताला, म्हणजे त्या दुसऱ्या डावाला निघताना तो म्हणतो, "जानन्नपि क्षयकरं", हा नाशच आहे हे जाणत असूनही मला वडीलधाऱ्याची आज्ञा मोडवत नाही. व्यासांनी त्याला भुलवलेलं नाही, झोपवलेलं नाही. दुसरं म्हणजे आपला राग कथेतच कुणीतरी बोलून दाखवतं. पहिल्या द्यूतात द्रौपदीला पणाला लावल्यावर भीम सहदेवाला म्हणतो, अग्नी आण, याचे हात जाळतो. अर्जुन त्याला आवरतो. श्रोत्याच्या मनात जे आहे ते भीमाच्या तोंडून भर सभेत निघालं, तेव्हा श्रोत्याला कळलं की सांगणाऱ्यालाही हे दिसतंय. आणि द्रौपदीचा तो प्रश्न, स्वतःला आधी हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का, याला भीष्मांकडेही सरळ उत्तर नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. वनपर्वात भीम पुन्हा त्याला बोल लावतो, तेव्हा युधिष्ठिर कबूल करतो की दुर्योधनाचं राज्य जिंकून घ्यावं या इच्छेने मी फासे हातात घेतले. म्हणजे वडीलधाऱ्याची आज्ञा हे कारण खरं होतं, पण अख्खं नव्हतं. खाली एक लोभही होता. हे कारण उशिरा आलं तरी सारवासारव वाटत नाही, कारण ते त्याची बाजू सावरत नाही, उलट त्याला आणखी उघडं पाडतं.

हे तुमच्याही उपयोगी पडेल. आईचं कारण आधी द्या, कारण ते सुमनला सांभाळून घेणारं आहे. पण तिच्यात दुसरंही काहीतरी आहे, असं मला तुमची प्रकरणं वाचताना सारखं वाटत राहिलं. लहानपणापासून "आमची सुमन कधी काही मागत नाही" असं कौतुक ऐकत ती मोठी झाली आहे. त्या कौतुकाची तिला चटक आहे. सही करून ती स्वतःच्या मनात भावापेक्षा मोठी होते. हा लोभच आहे, आणि तो नवव्या प्रकरणात, रिकाम्या झालेल्या त्या जागी, आला तर शोभेल. तिने स्वतःशी कबूल करावं, किंवा मैत्रिणीने तिला ऐकवावं. हे तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या. सुमनला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

आता पाचव्या प्रकरणाबद्दल. तिथे तुम्ही भावाला बिल्डरबरोबर कर्वे रस्त्यावरच्या हॉटेलात बसवलं आहे. वाड्याचा सौदा ठरलेला आहे हे वाचकाला कळतं, सुमनला नाही. गटातले काही जण म्हणाले असतील की हे प्रकरण काढा, म्हणजे सुमन मूर्ख वाटणार नाही. काढू नका. वाचकाला जास्त माहीत असलं की त्याचा जीव टांगणीला लागतो, ते चांगलंच आहे. फक्त एक सांभाळा. वाचकाला जे माहीत आहे त्यातलं सुमनला सहज कळू शकलं असतं असं काही नको. सहाव्या प्रकरणात वाड्याच्या बोळात मोजणीचा टेप घेऊन उभी असलेली दोन माणसं तिला दिसतात आणि ती "नळाचं काम असेल" म्हणून पुढे जाते. दाखल्यावरची जन्मतारीख पकडणारी बाई हे पुढे ढकलणार नाही. तिने विचारावं, भावाने खोटं सांगावं, आणि ते खोटं वाचकालाही पटण्यासारखं असावं. मूर्ख बनणं आणि मूर्ख असणं यांत वाचक फार काटेकोर असतो.

राहिलं अकरावं प्रकरण. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे. मैत्रीण नोटीस पाठवते, भाऊ घाबरतो आणि "हक्कसोडपत्र रद्द झालं" या एका वाक्यात वाडा परत येतो. व्यवहारात असं होत नाही. नोंदलेला दस्त एका बाजूच्या मनात आलं म्हणून रद्द होत नाही. भाऊ राजी असेल तर त्याने तिच्या नावे नवा दस्त करायचा. नसेल तर दिवाणी न्यायालयात जाऊन फसवणूक झाली किंवा दबाव आला हे सिद्ध करायचं, आणि तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून. आणि सातवं प्रकरण आपण म्हणतोय तसं बदललं, तर तिने पानन्‌पान वाचून, चूक दुरुस्त करून घेऊन सही केल्याचं कारकून शपथेवर सांगू शकेल. तिचा काटेकोरपणा तिच्याच विरुद्ध साक्ष देईल. ही गोष्ट तुमच्या हातात आपोआप आलेली आहे, ती सोडू नका.

पण कायद्यापेक्षा माझी हरकत कथेच्या बाजूने आहे. मूर्खपणाची किंमत माफ झाली की तो मूर्खपणा होता कशाला, असं वाचकाला वाटतं. पन्नास पानं त्याने जीव जाळला आणि शेवटी एका नोटिशीत सगळं मिटलं, तर त्याचा राग मागे जाऊन सातव्या प्रकरणावर पडतो. गटात तुम्हाला तेच झालेलं दिसलं असणार. लोकांनी अकराही प्रकरणं वाचून मग सहीबद्दल तक्रार केली. एक करून बघा. पुढच्या वेळी चार-पाच जणांना छापील प्रत आणि पेन्सिल द्या, आणि जिथे चीड आली तिथे समासात फक्त एक रेघ मारायला सांगा. का आली ते विचारू नका, कारण लोक मागाहून देतात ती कारणं बहुतेक वेळा दुसऱ्याच जागेची असतात. रेघ सहीच्या ओळीवर असेल तर आधीची तयारी कमी पडली. रेघा अकराव्यात असतील तर परिणाम कमी पडले. वहिनीच्या वाक्यावर आणि अंगठ्याच्या यंत्रावर असतील, तर तिथे हात लावू नका.

एवढं करूनही एक-दोन वाचक चिडलेलेच राहतील. काहींना कादंबरीत शहाणी माणसंच हवी असतात, आणि काहींना हा प्रसंग घराच्या फार जवळ येतो. त्यांच्यासाठी सुमनला शहाणी करू नका. मात्र तीच चूक ती पुन्हा करत असेल तर सावध राहा. दहाव्या प्रकरणात ती भावाला सोन्याच्या पाटल्याही देते. तिथे मीही चिडले, आणि माझा राग तुमच्यावर होता. युधिष्ठिर दुसऱ्यांदा बसतो तेव्हा त्याला पहिल्या वेळेपेक्षा जास्त माहीत असतं. सुमनला पाटल्या देताना सातव्या प्रकरणापेक्षा एक अक्षरही जास्त माहीत नाही. तो प्रसंग एक तर काढा, किंवा सहीची काय किंमत पडली हे कळल्यावर तिने त्या द्याव्यात.

पुनर्लेखन करताना आधी चौथं आणि सातवं एवढीच दोन घ्या, आणि मला पाठवा. अकराव्याला त्यानंतरच हात लावा, कारण सातव्यात ती बाकावर बसलेला अर्धा तास नीट उतरला तर ती वाडा परत मागेल की नाही, हेच मला आज सांगता येत नाही.